जुन्या बाथरूमचं काम उक्तं घ्यायचं की हजेरीवर? नवीन रिनोव्हेशनवाल्यांसाठी

कोल्हापुरात छोटी रिनोव्हेशनची कामं घ्यायला सुरुवात केलेली बरीच पोरं भेटतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, दर सांगायचा कसा. एकदाच आकडा सांगून काम उक्तं घ्यायचं, की माणसांची हजेरी आणि लागेल ते मटेरियल असं बिल लावायचं? मी पहिली दोन वर्षं सगळं उक्तंच घेतलं कारण गिऱ्हाइकाला तेच आवडतं. त्यातल्या एका बाथरूमचा हिशोब आधी सांगतो, कारण या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा बाथरूममध्येच बुडतो आणि दराचा सगळा प्रश्न तिथं नीट समजतो.

राजारामपुरीत एका जुन्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावरचं बाथरूम होतं, ५ बाय ७ फूट, दारापर्यंत म्हणजे ७ फूट उंच टाइल्स. टाइल्स आणि नळ-कमोड गिऱ्हाईक आणणार, बाकी सगळं माझ्याकडं. मी तोडफोड, एक ट्रॉली राडारोडा, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, टाइल्स बसवणं असं सगळं कागदावर मांडलं तर खर्च आला ४५,६०० रुपये. मेस्त्री, प्लंबर, टाइल्सवाला १,००० रोज आणि बिगारी ६५० रोज असं धरलं होतं, तुमच्याकडचे दर वेगळे असतील ते लावा. मी ५५,००० सांगितले, त्यांनी घासाघीस न करता हो म्हटलं आणि मी खूश होऊन ॲडव्हान्स घेतला.

दुसऱ्या दिवशी भिंतीच्या टाइल्स काढताना टाइलबरोबर मागचं प्लास्टर पण खाली येऊ लागलं, एका बाजूला तर वीट उघडी पडली. खाली सँक, म्हणजे फरशीखालचा स्लॅबचा खोलगट भाग, फोडली तर आतला विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा पाणी पिऊन चिखल झालेला, फावड्यानं काढावा लागला. आणि भिंतीत जुनी लोखंडी जीआय पाइप होती जी पुढं किचनला जात होती, तिला धक्का लागला आणि आट्यापाशी पाणी सुटलं, पाइप एवढी गंजलेली की नवीन सॉकेट बसेना, म्हणजे किचनपर्यंतची लाइनच बदलायला लागली. तोडफोडीचे दोन दिवस वाढले, एक ट्रॉली वाढली, प्लंबरचे दोन दिवस आणि पाइप, प्लास्टरचे दोन दिवस आणि सिमेंट-वाळू, सगळं मिळून १८,६०० जास्त गेले. एकूण खर्च ६४,२००, हातात आले ५५,०००. माझे अठरा दिवस जाऊन वर ९,२०० खिशातून. गिऱ्हाइकाकडं पैसे मागितले तर ते म्हणाले, "तुम्हीच बघून दर सांगितला होता की." आणि ते बरोबरच होतं, कारण मी कागदावर कुठंच लिहिलं नव्हतं की भिंतीच्या आत काय निघालं तर काय करायचं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघतो. जे डोळ्याला दिसतंय आणि टेपनं मोजता येतंय ते उक्तं, जे भिंतीच्या आत किंवा फरशीच्या खाली आहे ते हजेरीवर. अख्खं काम एकाच पद्धतीनं घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, एकाच बाथरूमचे दोन भाग करता येतात. ते कसं ते आता क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: बघायला जाल तेव्हा नुसतं टेप घेऊन जाऊ नका

मोजमाप तर घ्यायचंच, पण एक नाणं खिशात ठेवा. प्रत्येक भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपासून वर टाइल्स ठोकत जा. भरीव आवाज आला तर टाइल धरून आहे, डबडब असा पोकळ आवाज आला तर मागचं सुटलंय, आणि अर्ध्याहून जास्त टाइल्स पोकळ वाजत असतील तर प्लास्टर टाइलबरोबर येणार हे धरूनच चाला. मग खालच्या मजल्यावर जा, तिथल्या लोकांना विनंती करून त्यांच्या बाथरूमचं छत बघा. पिवळे डाग, पोपडे, पांढरा खार दिसला तर वरची सँक ओली आहे. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि नवीन माणूस हमखास विसरतो, मी पण त्या राजारामपुरीच्या कामात विसरलो होतो.

तिसरं बघायचं ते पाइप. बिल्डिंग किती वर्षांची आहे विचारा आणि ज्या डक्टमध्ये पाइप उघड्या दिसतात तिथं बघा, लोखंडी जीआय आहे की प्लास्टिकची सीपीव्हीसी. लोखंडी असली आणि वीस-पंचवीस वर्षं झाली असली तर आतली पाइप हात लावल्यावर टिकेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. हे सगळं फोटोसकट गिऱ्हाइकाला त्याच वेळी दाखवा. नंतर दाखवलं तर ते पैसे काढायचं कारण वाटतं, आधी दाखवलं तर सल्ला वाटतो.

दुसरी पायरी: कामाचे दोन भाग करा

जुन्या बाथरूममध्ये मी तोडफोड आणि सँक उघडणं एवढंच हजेरीवर घेतो. सगळं उघडं झाल्यावर भिंत, पाइप, स्लॅब दिसतो, मग उरलेल्या कामाचा उक्ता दर देतो. म्हणजे गिऱ्हाइकाला पण शेवटी एक पक्का आकडा मिळतो, फक्त तो चार दिवस उशिरा मिळतो.

उलट नवीन फ्लॅटमधला रंग, फॉल्स सीलिंग, किचन ट्रॉली, वॉर्डरोब यात लपलेलं काही नसतं, ते सरळ उक्तं किंवा स्क्वेअर फुटावर घ्या. तिथं हजेरी लावली तर गिऱ्हाइकाला वाटतं तुम्ही वेळ काढताय, आणि तुम्ही पटपट काम केलं तर त्याचा फायदा तुम्हाला मिळत नाही. आणि शिवाजी पेठेतला जुना वाडा, मातीच्या भिंती, किंवा २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरात पाणी चढलेली घरं, इथं मी अख्खं काम हजेरीवरच घेतो. पूर आलेल्या घरात भिंत वरून कोरडी दिसते, रंग पण मारलेला असतो, पण जिथपर्यंत पाणी चढलं होतं तिथपर्यंत लोणा लागलेला असतो आणि प्लास्टर कुठपर्यंत काढावं लागेल हे काढता काढताच कळतं.

तिसरी पायरी: दोन्हीचे दर काढा

इथं एक चूक सगळेच करतात ती सांगतो. खर्चावर २० टक्के चढवले म्हणजे बिलातले २० टक्के आपल्याला उरले असं नसतं. ४५,६०० वर २० टक्के चढवले की ५४,७२० होतात, त्यातले ९,१२० तुमचे, म्हणजे बिलाच्या १०० रुपयांत साधारण १६ रुपये ६७ पैसेच उरले. १०० मधले २० खरंच उरवायचे असतील तर खर्चाला ०.८ नं भागायचं. ४५,६०० भागिले ०.८ म्हणजे ५७,०००. त्या वीसमधून तुमचं पेट्रोल, फोन, मशीनची झीज, नंतर दोनदा नळ गळतोय म्हणून जावं लागतं ते, आणि तुमचा स्वतःचा पगार सुटायचा असतो, त्यामुळं हे जास्त नाही.

हजेरीचा दर लावताना मेस्त्रीला आपण १,००० देतो म्हणून बिलात १,००० लावायचे नाहीत. मी मेस्त्री १,२०० आणि बिगारी ८०० लावतो, त्यात ब्रेकर मशीन, घमेली-फावडी आणि माझी देखरेख आली हे गिऱ्हाइकाला उघड सांगतो. ट्रॉली मला १,८०० ला पडते, २,००० लावतो. हजेरीवर मटेरियल लागलं तर दुकानाचं बिल दाखवायचं आणि त्यावर १० ते १५ टक्के, जे ठरेल ते, आधी लिहून घ्यायचं. चोरून काही चढवू नका, लक्ष्मीपुरीत सगळे एकमेकांना ओळखतात, गिऱ्हाईक संध्याकाळी दुकानात जाऊन भाव विचारून येतं.

चौथी पायरी: दोन टोकांचे आकडे आधीच सांगा

हजेरीला गिऱ्हाईक घाबरतं ते बिल कुठं थांबणार हे माहीत नसतं म्हणून. आणि त्याची दुसरी भीती पण खरी आहे, हजेरीवर माणूस सावकाश हात चालवतो, हे आपल्याला पण माहीत आहे. म्हणून हजेरीला वरची मर्यादा लावायची.

ताराबाई पार्कातल्या एका बाथरूमला मी असं केलं. माप तेच ५ बाय ७, बिल्डिंग तशीच जुनी, घरात रिटायर झालेले काका-काकू. माणसं एक मेस्त्री आणि दोन बिगारी, म्हणजे रोजचे २,८००. मी लिहून दिलं की तोडफोड जास्तीत जास्त चार दिवस आणि दोन ट्रॉल्या, म्हणजे १५,२०० च्या वर एक रुपया लागणार नाही, कमी दिवस लागले तर कमी पैसे. पुढं लिहिलं की भिंत आणि पाइप चांगली निघाली तर अख्खं काम ५६ ते ५७ हजारात होईल, खराब निघाली तर ७५ ते ८० पर्यंत जाईल, मधला आकडा उघडल्यावर कळेल.

काका म्हणाले, "दुसरा एक जण ५८ मध्ये सगळं देतोय. तुमचं हे असं अधांतरी कशाला? एकदाच काय ते सांगा की."

मी म्हटलं, "काका, सांगतो. सगळं डोक्यावर घेऊन एकच आकडा पाहिजे असेल तर माझा दर ६८,५०० आहे. कारण जुन्या बिल्डिंगमधली माझी निम्मी बाथरूम खराब निघाली आहेत, त्यामुळं जास्तीच्या खर्चातला निम्मा खर्च मला प्रत्येकाच्या दरात धरायला लागतो. तुमची भिंत चांगली निघाली तर तुम्ही बारा हजार विनाकारण दिले असं होईल. उघडून बघितल्यावर दर ठरवला तर तुमच्या भिंतीला जेवढं लागतंय तेवढंच द्याल."

काकूंनी आत जाऊन नाण्यानं चार टाइल्स स्वतः ठोकून बघितल्या आणि म्हणाल्या, "अहो, सगळंच डबडबतंय की हे." मग काका तयार झाले. प्रत्येक जण होतोच असं नाही. ज्याला एकच आकडा पाहिजे त्याला तो जास्तीचा धरलेला आकडा द्या, आणि तो ५८ वाल्याकडं गेला तर जाऊ द्या, पण तुम्ही ५८ वर उतरू नका.

पाचवी पायरी: रोजची हजेरी रोज पाठवा

हजेरीचं काम भांडणावर जातं ते आठवड्याच्या शेवटी एकदम हिशोब दिल्यामुळं. मी रोज संध्याकाळी सहाला, साइट सोडायच्या आधी, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतो. असा:

"दिवस २. मेस्त्री १, बिगारी २. पूर्वेची भिंत आणि सँकचा अर्धा भाग फोडला. एक ट्रॉली गेली. आजपर्यंत ७,६००, मर्यादा १५,२००. उद्या उरलेली सँक."

सोबत तीन-चार फोटो, त्यातला एक तरी लांबून काढलेला, म्हणजे कुठली भिंत ते कळतं. एखादा बिगारी दुपारी गेला तर अर्धी हजेरीच लावा, ती गोष्ट गिऱ्हाईक बघत असतं आणि बोलत नसतं. मर्यादेच्या जवळ आलात आणि काम उरलंय असं वाटलं तर संपायच्या एक दिवस आधी फोन करा. लिहिलेली मर्यादा ओलांडून नंतर पैसे मागणं म्हणजे मर्यादा नसल्यासारखंच. आणि हजेरीचे पैसे दर शनिवारी घ्या, कारण माणसांचा पगार पण तुम्हाला त्याच दिवशी द्यायचा असतो.

ताराबाई पार्कात तोडफोड तीन दिवसांत झाली, दोन ट्रॉल्या गेल्या, बिल १२,४०० झालं. सँक कोरडी निघाली, पण प्लास्टर सगळं गेलं आणि जीआय लाइन गंजलेली निघाली. काकांना मी उघड्या भिंतीसमोर उभं केलं, पाइपवर छिन्नी नुसती घासली तर पापुद्रे निघाले ते त्यांनी बघितलं.

सहावी पायरी: उघडल्यावर उरलेलं उक्तं करा

आता सगळं दिसतंय, मग हजेरी बंद. उरलेल्या कामाचा खर्च मी त्याच दिवशी मांडला, लाइन आणि प्लास्टर धरून ५१,४०० आला, ०.८ नं भागला तर ६४,२५०, मी ६४,००० लिहिले. एकूण ७६,४००, म्हणजे सांगितलेल्या टोकाच्या आत. माझा खरा खर्च ६१,९०० झाला, १४,५०० उरले. राजारामपुरीत जवळजवळ तसंच बाथरूम करून मी ९,२०० घालवले होते.

या उक्त्या कोटेशनमध्ये काय काय लिहायचं ते नीट वाचा, कारण उक्त्यात पैसा जातो तो न लिहिलेल्या गोष्टीत.

काय धरलंय ते मापासकट लिहा. "टाइल्स बसवणे" एवढंच लिहू नका, "भिंतीवर ७ फूट उंचीपर्यंत साधारण १५० स्क्वेअर फूट आणि फरशी ३५ स्क्वेअर फूट, २ बाय १ फुटी टाइल" असं लिहा. नाहीतर काम चालू असताना मोठ्या २ बाय ४ च्या टाइल्स येतात, त्यांना ॲडेसिव्ह जास्त लागतं, दोन माणसं लागतात, कटिंगमध्ये तुकडे वाया जातात, आणि दर तोच राहतो. काय धरलं नाही ते पण लिहा: खालच्या मजल्याचं छत, बाहेरच्या डक्टची लाइन, इलेक्ट्रिकचा नवीन पॉइंट, दार. जीएसटी नोंदणी असेल तर तो धरून की सोडून हे स्पष्ट लिहा, १८ टक्के नंतर स्वतःच्या खिशातून भरायला लागले तर नफा सगळा तिथंच जातो. आणि दर १५ दिवसांसाठीच आहे असं लिहा.

मग जास्तीच्या कामाची रेटलिस्ट त्याच कागदावर खाली. एक नळ पॉइंट वाढला तर किती, कोनाडा करायचा तर किती, गिऱ्हाइकाचं मटेरियल आलं नाही आणि माणसं बसून राहिली तर दिवसाचे किती. हे शेवटचं नक्की लिहा, टाइल्सचा एक बॉक्स कमी पडला आणि त्याच लॉटची टाइल मिळेना म्हणून माझी माणसं तीन दिवस बसलेली आहेत. जास्तीचं काम निघालं की आधी मेसेज, त्यावर "ओके" आल्यावरच हातोडा. तोंडी "करून टाका, बघू नंतर" यावर कधीच करू नका, सांगणारा खोटं बोलत नसतो, पण महिन्यानंतर त्याला खरंच आठवत नसतं.

पैशाचे टप्पे मी असे ठेवतो: सुरुवातीला ३० टक्के, प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर ३०, टाइल्स लागल्यावर ३०, आणि शेवटचे १० हातात देताना. दुसरा हप्ता मागायच्या आधी ट्रॅपचं तोंड बंद करून सँकमध्ये पाणी भरा, ४८ तास ठेवा, पातळीची खूण पेन्सिलनं भिंतीवर करा आणि खालच्या घरातलं छत गिऱ्हाइकाला घेऊन बघून या. कोरडं असेल तर तिथंच फोटो काढा. पुढं कधी खाली गळायला लागलं तर तुमच्याकडं तो फोटो पाहिजे. फरशी लागायच्या आधी गळती सापडली तर दोन दिवसांत दुरुस्त होते, नंतर सापडली तर तुमच्याच खर्चानं सगळं परत फोडायचं.

काम संपल्यावर

एक साधी वही ठेवा. प्रत्येक कामाला अंदाज किती होता आणि झाला किती, दिवस आणि पैसे दोन्ही, आणि आत काय निघालं ते एका ओळीत: "बिल्डिंग जुनी, सँक ओली, जीआय गंजलेली." काकांना मी जे निम्मी बाथरूम खराब निघतात म्हणून सांगितलं ते या वहीतूनच. पंधरा-वीस कामं झाली की तुमचा आकडा तुमच्या वहीत तयार होतो, कदाचित निम्मी नसतील, तिसरा हिस्सा असतील किंवा जास्त असतील, आणि एकच आकडा पाहिजे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला किती जास्तीचं धरायचं ते तिथं बघून काढता येतं.